मोटर जळाली तर कोण काय भरणार? एका वॉरंटी कार्डाचं मराठी

बोअरवेलमध्ये सोडायच्या सबमर्सिबल पंपासोबत जे वॉरंटी कार्ड येतं, त्याच्या शेवटी बारीक अक्षरांत एक परिच्छेद असतो. बिघाड झाला तर कंपनीने जास्तीत जास्त किती द्यायचं आणि काय द्यायचं नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. वकिलांच्या भाषेत ते लिमिटेशन ऑफ लायबिलिटी. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं असं कार्ड माझ्याकडे आलं तेव्हा ते आधीच कुणीतरी मराठीत केलेलं होतं. छपाईला जाण्यापूर्वी कंपनीच्या विधी विभागाला एवढंच लेखी हवं होतं की मराठी मजकूर इंग्रजीशी जुळतो.

शब्दाला शब्द लावून पाहिलं तर तो जुळत होता. पण अशा मजकुराची तपासणी तेवढ्याने होत नाही. शेतकरी वाचतो मराठी कार्ड. वाद झाला तर कंपनी ग्राहक आयोगापुढे ठेवते इंग्रजी मसुदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे दोन्ही कागद एकाच टेबलावर शेजारी शेजारी येणार. तिथे प्रश्न असा येतो की या प्रसंगात पैसे कोणी द्यायचे. म्हणून तपासणीही त्याच प्रश्नाने करायला हवी.

त्यासाठी मी पाच प्रसंग लिहून काढले. पहिला : आठव्या महिन्यात इन्सुलेशनच्या दोषाने मोटरचं वाइंडिंग जळालं. मोटर बोअरमधून वर ओढायचा, सेवा केंद्रात न्यायचा आणि पुन्हा सोडायचा खर्च कोणाचा? दुसरा : दुरुस्तीला तीन आठवडे लागले आणि तेवढ्यात कांदा वाळला. तिसरा : मोटरमधल्या दोषामुळे विजेचा धक्का बसून माणूस जखमी झाला. चौथा : बिघाड झाल्यावर पंचेचाळिसाव्या दिवशी तक्रार नोंदवली. पाचवा : मोटर दोनदा दुरुस्त होऊन तिसऱ्यांदा जळाली आणि ग्राहकाने पैसे परत मागितले. बिलही सोबत दिलं : पंपसंच ३१,००० रुपये, स्टार्टर पॅनेल ६,५००, केबल ९,०००, पाइप १८,०००, एकूण ६४,५०० रुपये, करासह.

इंग्रजी मसुदा दिला कंपनीच्या वकीलबाईंना, सेवा विभागाच्या प्रमुखांना आणि जिल्हा आयोगात ग्राहकांच्या बाजूने उभे राहणाऱ्या एका वकिलांना. मराठी कार्ड दिलं एका विक्रेत्याला, बोअरवर मोटर बसवणाऱ्या मिस्त्रीला आणि दोन शेतकऱ्यांना. अट एकच : आपसात बोलायचं नाही, प्रत्येक प्रसंगापुढे ‘कंपनी देईल’, ‘कंपनी देणार नाही’ किंवा ‘कळत नाही’ असं लिहायचं आणि ज्या वाक्यावरून ठरवलं त्याच्याखाली रेघ मारायची. रेघ फार महत्त्वाची. उत्तर बरोबर असूनही ते भलत्याच वाक्यावरून काढलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर ते उत्तर योगायोगाचं.

दुपारी सगळे कागद एकत्र ठेवले तेव्हा पाचपैकी एकाही प्रसंगात सातही जणांचं उत्तर एक नव्हतं. मराठी वाचणाऱ्यांचं इंग्रजी वाचणाऱ्यांशी जुळणार नाही ही शंका होतीच. पण इंग्रजी वाचणाऱ्या तिघांचंही आपसात दोन ठिकाणी जुळत नव्हतं. मूळ मजकुरातच दोन अर्थ असतील तर मराठीत एकच अर्थ आणायचा म्हणजे भाषांतरकाराने कंपनीच्या वतीने निर्णय घ्यायचा. तो अधिकार त्याचा नाही. अशा जागी मसुदा प्रश्नासह परत पाठवायचा आणि इंग्रजी बदलून घ्यायचं.

पहिल्या प्रसंगातला घोळ दोन थरांचा होता. इंग्रजीत लिहिलं होतं की कंपनी आपल्या मर्जीनुसार पंप दुरुस्त करील किंवा बदलून देईल. याचं मराठी झालं होतं : ‘कंपनी आपल्या विवेकानुसार उत्पादन दुरुस्त करू शकते अथवा बदलून देऊ शकते.’ शेतकऱ्यांपैकी वयाने मोठे होते त्यांनी या ओळीवर बोट ठेवलं. “म्हणजे मनात आलं तर करतील, नाही आलं तर नाही. मग वॉरंटी कशाची?” त्यांचं वाचन अगदी बरोबर होतं. इंग्रजीत मर्जी आहे ती दोन उपायांतला कोणता निवडायचा याची. दोन्हीपैकी एक करणं बंधनकारकच आहे. मराठीत ‘शकते’ आल्याबरोबर ते बंधनच गेलं. नवं वाक्य असं झालं : ‘कंपनी हा पंपसंच मोफत दुरुस्त करून देईल किंवा बदलून देईल. या दोन्हींपैकी काय करायचे ते कंपनी ठरवील.’ बंधन एका वाक्यात आणि निवड दुसऱ्या वाक्यात, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत.

दुसरा थर मोटर ओढायच्या खर्चाचा. सेवा विभागाच्या प्रमुखांच्या मते तो खर्च ग्राहकाचाच असतो आणि कंपनी जे देणार नाही त्या यादीतल्या ‘इन्सिडेंटल’ या शब्दात तो येतो. ग्राहकांच्या वकिलांचं म्हणणं वेगळं : मोटर वर काढल्याशिवाय दुरुस्ती होणारच नाही, तेव्हा मोफत दुरुस्तीत तो खर्च धरलेलाच आहे. मराठी कार्डात या शब्दाला ‘किरकोळ खर्च’ केलं होतं, त्यामुळे चारही मराठी वाचकांनी उत्तर दिलं, ‘कंपनी देईल’. मिस्त्रींनी कारणही सांगितलं. “साहेब, शंभर मीटरवरची मोटर काढायला तिपाई, चेनपुली आणि तीन माणसं लागतात. पाइप एकेक करून सोडवायचे, केबल जपायची. हे किरकोळ कसं? किरकोळ म्हणजे नटबोल्ट, टेप.” अशा जागी शब्दकोशातला ‘आनुषंगिक’ घातला असता तर तो चुकीचा ठरला नसता, पण वाचणाऱ्याला काहीच सांगून गेला नसता. कंपनीला जे म्हणायचं आहे ते कामाचं नाव घेऊन म्हणणं हाच मार्ग होता. वकीलबाईंनी सेवा विभागाशी बोलून निर्णय घेतला आणि दोन्ही भाषांत स्वतंत्र ओळ आली : ‘मोटर बोअरमधून बाहेर काढणे, सेवा केंद्रापर्यंत नेणे-आणणे आणि पुन्हा बोअरमध्ये सोडणे, याचा खर्च ग्राहकाने करायचा आहे.’ ही ओळ ग्राहकाच्या बाजूची नाही. पण ती विकत घेण्याआधी वाचता येते, विक्रेत्याला त्याबद्दल विचारता येतं, आणि ती अन्याय्य आहे असं कुणाला वाटलं तर नेमकं कशाविरुद्ध दाद मागायची ते कळतं.

कांद्याच्या प्रसंगाने सगळ्यात जास्त वेळ घेतला. मूळ इंग्रजीत अप्रत्यक्ष, आनुषंगिक आणि परिणामस्वरूप नुकसानीसाठी कंपनी कोणत्याही परिस्थितीत ‘लायबल’ राहणार नाही असं होतं, आणि पुढे ‘यांसह पण एवढ्यापुरतं मर्यादित नाही’ असं म्हणून पिकाचं नुकसान, उत्पन्नाचं नुकसान अशी यादी. हे सगळं एका वाक्यात. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याहून शेवटी. सत्तर-ऐंशी शब्दांचं वाक्य असेल तर शेवटच्या ‘नाही’पर्यंत वाचणारा ते वचन म्हणूनच वाचत राहतो. दोन शेतकऱ्यांपैकी एकाने पिकाच्या नुकसानीवर रेघ मारून ‘कंपनी देईल’ असं लिहिलं होतं, ते यामुळेच. म्हणून नकार आधी आणला : ‘कंपनी पुढील गोष्टींची भरपाई देत नाही.’ मग यादी. यादीतली नावं शेताच्या व्यवहारातली : पंप बंद असल्यामुळे पीक वाळणे किंवा उत्पन्न घटणे, त्या काळात टँकरने आणलेले पाणी, भाड्याने घेतलेला दुसरा पंप.

‘जबाबदार राहणार नाही’ हा प्रयोग मी पूर्ण कार्डातून काढला. मराठीत जबाबदार म्हटलं की दोष कोणाचा हे आधी मनात येतं. ‘पिकाच्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही’ हे वाचून विक्रेत्याला वाटलं की मोटर कंपनीच्या दोषाने जळाली नसेल तेव्हाची ही गोष्ट आहे. दोष कंपनीचा असेल तर भरपाई मिळायलाच हवी. इंग्रजीचा रोख नेमका उलटा आहे : दोष कंपनीचा असला तरीही या गोष्टींचे पैसे नाहीत. ‘दायित्व’ हा शब्द कायद्याच्या मराठीत रूढ आहे आणि वकिलांना तो अचूक कळतो, पण मिस्त्रींनी त्याचा अर्थ ‘दातृत्व’ असा लावला. ‘भरपाई देईल’ आणि ‘भरपाई देणार नाही’ यात पैसे हातात येणार की नाही एवढंच आहे, आणि मर्यादेच्या कलमाला तेवढंच म्हणायचं असतं. याच्याच शेजारचा सापळा म्हणजे ‘नुकसान’ आणि ‘नुकसानभरपाई’. इंग्रजीत ‘डॅमेज’ला एक ‘एस’ लागला की हानीची भरपाई होते. आधीच्या मराठीत दोन्हीकडे ‘नुकसान’ होतं, त्यामुळे एका ओळीचा अर्थ ‘कंपनी नुकसान करणार नाही’ असा निघत होता.

आता हा पिकाचा नकार कायद्यापुढे टिकतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो भाषांतराच्या टेबलावर येतोच. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७३ दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई देत नाही, पण करार करताना दोन्ही पक्षांना जे नुकसान होईल हे ठाऊक होतं त्याची भरपाई मागता येते. शेतीपंप विकणाऱ्याला पंप बंद पडला तर पीक वाळतं हे ठाऊक नसतं असं म्हणणं कठीण. उलट बाजूने, भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची मर्यादा मान्य केली होती. पण तिथे ग्राहकाने मर्यादा लिहिलेल्या कुरिअरच्या कागदावर सही केली होती. वॉरंटी कार्ड खोक्यातून निघतं, पैसे देऊन झाल्यावर. त्यावर सही विक्रेत्याची असते. शेतकरी ग्राहकच नाही हा बचावही फारसा चालत नाही. २०१२ च्या नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या निकालात बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक ठरला आहे, आणि स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेली खरेदी व्यापारी मानली जात नाही हे कायद्याच्या व्याख्येतच आहे. तेव्हा पिकाची भरपाई मिळेल की नाही हे शेवटी आयोग पुरावा पाहून ठरवील. कार्डाने ‘मिळणारच नाही, कायद्यानेही नाही’ असा भास निर्माण करता कामा नये.

तो भास निर्माण होत होता ‘कायद्याने परवानगी दिलेल्या मर्यादेपर्यंत’ या शब्दांनी. इंग्रजी करारांत हे शब्द जवळपास नेहमी असतात आणि त्यांचा हेतू कंपनीचा हात आवरण्याचा असतो : कायदा जिथे अशी मर्यादा घालू देत नाही तिथे हे कलम लागू नाही. मराठीत तेच शब्द वाचून दोन्ही शेतकऱ्यांनी आणि विक्रेत्यानेही सांगितलं की सरकारने कंपनीला तशी परवानगी दिलेली आहे. ज्या शब्दांनी ग्राहकाचं रक्षण करायचं तेच त्याला गप्प बसवत होते. विजेच्या धक्क्याच्या प्रसंगातही म्हणूनच मराठी वाचणाऱ्या तिघांनी ‘कंपनी देणार नाही’ असं लिहिलं, तर कंपनीच्या स्वतःच्या वकीलबाईंनी ‘देईल’ असं. २०१९ च्या कायद्यात उत्पादनाच्या दोषामुळे झालेल्या इजेसाठी उत्पादकावर वेगळी जबाबदारी आहे. कलम ८४ मध्ये तिची कारणं दिली आहेत. व्याख्येत इजा, आजारपण, मृत्यू आणि त्या वस्तूखेरीज इतर मालमत्तेचं नुकसान येतं. स्वतः वस्तूचं नुकसान आणि निव्वळ आर्थिक तोटा मात्र येत नाही. कार्डातल्या ओळीने ही जबाबदारी पुसता येत नाही.

मी वकीलबाईंना सुचवलं की ग्राहकाचं रक्षण करणारी ती तरतूद वाक्यातून उचलून वेगळी, ठळक आणि पहिल्या जागी ठेवावी. त्यांचा पहिला आक्षेप रास्त होता : “मॅडम, तुम्ही मराठीत भर घालताय. इंग्रजीत एवढं नाही.” म्हणूनच ते आधी इंग्रजीत घालायचं ठरलं आणि मग मराठीत आलं : ‘कायद्याने तुम्हाला दिलेला कोणताही हक्क या कार्डामुळे कमी होत नाही. पंपसंचातील दोषामुळे कोणाला इजा झाली, कोणाचा मृत्यू झाला किंवा दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर खाली दिलेल्या मर्यादा लागू होत नाहीत.’ याने कंपनीवर नवा बोजा पडला नाही. जो आधीच होता तो दिसू लागला.

चौथा प्रसंग मुदतीचा. मसुद्यात होतं की तीस दिवसांत दावा केला नाही तर सर्व हक्क संपुष्टात येतील. इथे भाषांतर बिनचूक होतं, अडचण मुळातच होती. करार कायद्याचं कलम २८, १९९७ च्या दुरुस्तीनंतर, ठराविक मुदतीनंतर हक्कच संपवून दाद मागण्यापासून रोखणारी अट रद्दबातल ठरवतं, आणि ग्राहक आयोगाकडे जायला कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात. सेवा प्रमुखांना विचारलं की तीस दिवस कशासाठी. त्यांचं उत्तर व्यवहाराचं होतं : उशीर झाला की गावातला कुणीतरी मोटर उघडतो, जुनं वाइंडिंग फेकून देतो, आणि मग ती कोरडी चालल्याने जळाली, एक फेज गेल्याने जळाली की आतल्या दोषाने, हे सांगताच येत नाही. मग तेच लिहायला हवं होतं. नवी ओळ : ‘बिघाड लक्षात आल्यापासून ३० दिवसांत कळवा आणि तोपर्यंत मोटर उघडू नका. मोटर आधीच उघडल्यामुळे बिघाडाचे कारण शोधता आले नाही, तर मोफत दुरुस्ती मिळणार नाही.’ आता अट पुराव्याशी बांधलेली आहे, पंचेचाळिसाव्या दिवशी न उघडलेली मोटर घेऊन आलेला माणूस तिच्यात सापडत नाही.

शेवटचा प्रसंग पैसे परत मागण्याचा, आणि त्यात एक गोष्ट अशी निघाली जी देवनागरीत काम करताना सतत लक्षात ठेवावी लागते. इंग्रजी कलमात कंपनीची एकूण भरपाई ‘प्रॉडक्ट’च्या बिलमूल्याहून जास्त नसेल असं होतं. ‘प्रॉडक्ट’चं पहिलं अक्षर मोठं, म्हणजे वर व्याख्या दिलेली वस्तू : फक्त मोटर आणि पंप. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतात. मराठीत ‘उत्पादनाच्या बिलाची रक्कम’ झाल्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर हातातलं बिल आलं, ६४,५०० रुपयांचं. वकीलबाईंचा आकडा ३१,००० होता. तेहतीस हजार पाचशेचा फरक एका अक्षराच्या आकारात लपलेला होता. उपाय शिस्तीचा आहे : व्याख्या केलेल्या वस्तूला एक नाव द्यायचं, ते पूर्ण कार्डात बदलायचं नाही, आणि ते नाव दुसऱ्या कोणत्याही अर्थाने वापरायचं नाही. आम्ही ‘पंपसंच’ ठरवलं. आधीच्या मसुद्यात याच वस्तूला कुठे उत्पादन, कुठे वस्तू, कुठे यंत्र, कुठे पंप म्हटलं होतं. वाक्यं वाचायला बरी वाटावीत म्हणून केलेली ही विविधता अशा मजकुरात घातक असते. मर्यादेची ओळ आता अशी आहे : ‘या कार्डानुसार कंपनी जास्तीत जास्त बिलात पंपसंचासाठी लावलेली करासह रक्कम देईल. स्टार्टर पॅनेल, केबल आणि पाइप यांची किंमत त्यात धरलेली नाही.’

ती मर्यादा नेमकी कधी वापरात येते, हेही मूळ मसुद्यात नव्हतं. दोनदा दुरुस्ती होऊन तिसऱ्यांदा मोटर जळाली तर ‘दुरुस्ती हाच एकमेव उपाय’ म्हणत कंपनी अनंत काळ दुरुस्तीच करत राहू शकते का? यावर इंग्रजी वाचणारे तिघे तीन दिशांना गेले. हा मुद्दा माझ्या अखत्यारीत नव्हता. मी फक्त तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडून पाठवली. कंपनीने पुढे ठरवलं की त्याच दोषासाठी दोन दुरुस्त्या झाल्यावरही पंपसंच चालला नाही तर तो बदलून मिळेल किंवा पैसे परत मिळतील, आणि ही निवड त्या वेळी ग्राहकाची असेल.

उरलं होतं ‘तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य’ हे नेहमीचं वाक्य. ग्राहकांच्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं की ज्याच्या हातात फक्त मराठी कार्ड दिलं त्याला न दाखवलेल्या इंग्रजीने बांधायला निघालात तर मी आयोगापुढे पहिला हल्ला तिथेच करीन. शिवाय संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा हे तत्त्व आहेच. ते वाक्य गेलं. त्याऐवजी दोन्ही भाषा एकाच कागदाच्या दोन बाजूंना छापल्या. कलमांना तेच क्रमांक आणि तेवढीच वाक्यं, दोन्हीकडे एकच आवृत्ती क्रमांक आणि तारीख. मराठी अक्षर इंग्रजीच्याच मापात छापलं की मात्रा आणि रफार बुजतात, म्हणून ते दोन पॉइंट मोठं ठेवलं, आणि त्यासाठी लागणारी जागा जाहिरातीचा मजकूर कमी करून काढली.

छपाईपूर्वी पाच प्रसंग पुन्हा वाटले, या वेळी कार्ड आधी न पाहिलेल्या माणसांना. चार प्रसंगांत सगळ्यांची उत्तरं आणि रेघा एकाच जागी आल्या. कांद्याच्या प्रसंगात मराठी वाचणाऱ्या एका शेतकऱ्याने ‘कंपनी देणार नाही’ असं लिहून खाली जोडलं होतं : ‘पण आयोगाकडे मागता येईल.’ इंग्रजी वाचणाऱ्या वकिलांच्या कागदावरही त्याच कलमाखाली रेघ होती आणि उत्तर तेच होतं.